प्रकल्प नोंदी: राज्याच्या कुटुंब सर्व्हेचं सॅम्पल, गावाच्या यादीपासून एका माणसापर्यंत

४ ऑगस्ट

फ्रेमचं, म्हणजे ज्या यादीतून सॅम्पल काढायचं त्या यादीचं, काम आज संपलं. ग्रामीण भागासाठी २०११ च्या जनगणनेची गावयादी आणि शहरी भागासाठी एनएसएसचे यूएफएस, म्हणजे अर्बन फ्रेम सर्व्हेचे, ब्लॉक असं ठरलंय. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली, त्यामुळे गावातल्या कुटुंबांचे आकडे जुने आहेत हे माहीत असूनच त्यावर काम करायचं. जुना आकडा वापरल्याने अंदाज चुकत नाहीत, फक्त वेट वरखाली होतात. वेट म्हणजे १ भागिले निवडीची शक्यता, निवडलेलं एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा. हे पुढच्या नोंदींमध्ये आकड्यांसकट दाखवेन, कारण टीममध्ये बऱ्याच जणांना अजून ते पटत नाहीये.

चुकीचा अंदाज येतो तो दुसऱ्याच गोष्टीने. २०११ ला जे गाव ग्रामीण होतं ते नंतर महापालिकेच्या हद्दीत गेलं, आणि आता तिथले ब्लॉक यूएफएसमध्येही आहेत. म्हणजे तिथल्या घराला दोन दरवाजे झाले, गावयादीतून एक आणि ब्लॉक यादीतून एक, आणि वेट काढताना आपण एकच धरणार. अशी गावं शोधून ग्रामीण यादीतून काढली, आणि ती सॅम्पल काढायच्या आधीच काढली, निवड झाल्यावर नाही. तसंच ४० पेक्षा कमी कुटुंबांची गावं शेजारच्या गावाला जोडून एक युनिट केलं. हेही आधीच. कारण निवड झाल्यावर "हे फारच छोटं आहे, बाजूचं पण घेऊ" असं केलं की बाजूच्या गावाची निवडीची शक्यता किती होती ते कुणालाच सांगता येत नाही.

पुढे सगळं एकाच स्ट्रॅटमवर, म्हणजे ज्यातून वेगळं सॅम्पल काढतो अशा एका भागावर, लिहितो: एका जिल्ह्याचा ग्रामीण भाग. काढाकाढी-जोडाजोडीनंतर यादीत एकूण १,८४,००० कुटुंबं. बाकीच्या स्ट्रॅटममध्ये गणित तेच, आकडे वेगळे.

११ ऑगस्ट

किती गावं आणि प्रत्येक गावात किती कुटुंबं यावर आज बराच वेळ बोलणं झालं. या स्ट्रॅटमला ३८४ कुटुंबं मिळाली आहेत. फील्डवाल्यांना ८ गावं आणि प्रत्येकी ४८ हवी होती, प्रवास कमी होतो आणि टीम एका जागी राहते, त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, पाणी एकाच टाकीचं, शाळा एकच, पीकही बहुतेक सारखंच. हा सारखेपणा किती ते इंट्राक्लास कोरिलेशनने मोजतात, आपण ०.०५ धरला. डिझाइन इफेक्ट म्हणजे १ + (गावातली कुटुंबं − १) × ०.०५. ४८ घेतली तर ३.३५ येतो, म्हणजे ३८४ मुलाखती करून माहिती मिळणार साधारण ११५ सुट्या मुलाखतींएवढी. २४ घेतली आणि गावं १६ केली तर २.१५ येतो, म्हणजे साधारण १७९. मुलाखतींचा आकडा तोच ठेवून एवढा फरक पडतो म्हटल्यावर फील्डप्रमुख ताईंनी स्वतःच १६ × २४ ला होकार दिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, एनएफएचएस-५ मध्ये, क्लस्टरमागे २२ कुटुंबं होती, आपण त्याच्या आसपासच आहोत.

पाणी-शाळा-रस्त्यासारख्या विषयांत कोरिलेशन ०.०५ पेक्षा बरंच जास्त निघेल, तिथे स्टँडर्ड एरर मोठी येणार हे आत्ताच सांगून ठेवलंय.

१९ ऑगस्ट

पहिला टप्पा, गावं निवडायची. पद्धत पीपीएस सिस्टिमॅटिक, म्हणजे मोठ्या गावाला त्याच्या आकाराच्या प्रमाणात जास्त शक्यता. यादी आधी तालुक्याप्रमाणे लावली, तालुक्यात गावाच्या आकाराप्रमाणे, आणि एका तालुक्यात लहान ते मोठं तर पुढच्यात मोठं ते लहान, नागमोडी. असं लावलं की सिस्टिमॅटिक निवड आपोआप सगळ्या तालुक्यांत आणि सगळ्या आकारांत पसरते.

मग कुटुंबांची बेरीज वरून खाली करत जायची. इंटरव्हल १,८४,००० ÷ १६ = ११,५००. रँडम स्टार्ट ४,३१७ आला, त्यामुळे पुढचे आकडे १५,८१७, २७,३१७ असे. ज्या गावाच्या बेरजेच्या पट्ट्यात आकडा पडतो ते गाव निवडलं. दुसरा आकडा १५,८१७ जिथे पडला त्या गावाला इथे गाव अ म्हणतो. त्याची २०११ ची कुटुंबं ९२०, बेरजेतला पट्टा १४,९६१ ते १५,८८०.

गाव अ ची शक्यता = १६ × ९२० ÷ १,८४,००० = ०.०८.

```r
I   <- sum(v$hh) / 16
r   <- runif(1, 0, I)
p   <- r + I * (0:15)
sel <- findInterval(p, cumsum(v$hh), left.open = TRUE) + 1
v$pi1 <- 16 * v$hh / sum(v$hh)
```

शेवटची ओळ बघा, `pi1` सगळ्या गावांसाठी काढलाय, फक्त निवडलेल्या १६ साठी नाही. सगळ्या गावांची बेरीज बरोबर १६ यायला हवी, आणि एकही आकडा १ च्या वर नको. एखादं गाव ११,५०० पेक्षा मोठं असतं तर त्याची "शक्यता" १ च्या वर गेली असती, तो आकडा शक्यता म्हणून चालतच नाही. अशा वेळी ते गाव नक्की निवडलं असं धरून बाजूला काढायचं आणि उरलेल्यांवर परत इंटरव्हल काढायचा. इथे तसं गाव निघालं नाही. शहरी स्ट्रॅटममध्येही ब्लॉक साधारण सारख्याच आकाराचे असल्याने हा प्रश्न येत नाही.

कागदावर बघितलं तर इथे एक छान गोष्ट होते. गावाची शक्यता त्याच्या कुटुंबसंख्येच्या प्रमाणात, आणि गावात गेल्यावर प्रत्येक कुटुंबाची शक्यता २४ भागिले तीच कुटुंबसंख्या. गुणाकारात कुटुंबसंख्या कटते. गाव अ साठी ०.०८ × २४ ÷ ९२०, आणि ११५ कुटुंबांच्या छोट्या गावासाठी ०.०१ × २४ ÷ ११५, दोन्हीकडे ०.००२०८७. म्हणजे स्ट्रॅटममधल्या प्रत्येक कुटुंबाचं वेट ४७९.१७. मोठ्या गावातल्या घरावर अन्याय होतो का, छोट्यावर होतो का, हा प्रश्न नेहमी येतो, त्याचं उत्तर या कटण्यात आहे.

पण हे खरं होतं ते २०११ चा आकडा आजही तोच असेल तरच. तो नसतो.

२ सप्टेंबर

दुसरा टप्पा. गाव अ मध्ये मॅपिंग टीम गेली. झटपट मोजणीत १,२०० कुटुंबं निघाली, २०११ ला ९२० होती. एवढ्या मोठ्या गावाची घरोघर यादी करायला टीमचा बराच वेळ जातो, म्हणून ३०० च्या वर गेलं की गावाचे सेगमेंट, म्हणजे तुकडे, पाडायचे आणि यादी फक्त निवडलेल्या तुकड्यांची करायची हा नियम आधीच लिहिलेला आहे. एनएफएचएसमध्येही ३०० ची रेघ आहे, तिथे १०० ते १५० च्या आसपासचे सेगमेंट करून त्यातले दोन घेतात. आपण पण दोनच घेणार.

सीमा पाडताना रस्ता, ओढा, कॅनॉल, रेल्वे लाइन अशा दिसणाऱ्या गोष्टी घ्यायच्या. "अमक्याच्या घरापर्यंत" असं नाही, कारण लिस्टिंग करणारी टीम वेगळी असते आणि ते घर तिला ओळखता येईलच असं नाही. आणि शेतातल्या वस्त्या! गावठाणाचा नकाशा सुंदर काढतात आणि दोन किलोमीटरवरची वस्ती कुठल्याच सेगमेंटमध्ये नसते, मग तिथल्या घरांची शक्यता शून्य. शून्य शक्यतेचं वेट नसतं, ती माणसं सर्व्हेतून कायमची जातात, आणि नंतर डेटा बघून ते कळतही नाही. म्हणून गावाच्या महसुली सीमेपर्यंतची सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या सेगमेंटमध्ये आलीये का ते तलाठी कार्यालयातल्या नकाशाशी जुळवून बघायचं, हे आज टीमसोबत बसून केलं.

८ सेगमेंट झाले, झटपट मोजणीने १५०, १२०, १८०, १४०, १६०, १५०, १३०, १७०. बेरीज १,२००. दोन निवडायचे, परत पीपीएस सिस्टिमॅटिक, इंटरव्हल ६००, स्टार्ट ३५२. ३५२ पडतो तिसऱ्यात, ९५२ सातव्यात.

तिसऱ्याची शक्यता २ × १८० ÷ १,२०० = ०.३०, सातव्याची २ × १३० ÷ १,२०० = ०.२१६७.

हे दोन आकडे आणि आठही सेगमेंटची मोजणी आजच शीटमध्ये टाकली. नंतर कधी बघितलं तर फक्त निवडलेल्या सेगमेंटची मोजणी सापडते आणि १,२०० कुठून आले ते सापडत नाही, आणि १,२०० नसेल तर वेट काढायचा दुसरा रस्ताच नाही.

१५ सप्टेंबर

तिसरा टप्पा, लिस्टिंग म्हणजे घरोघर जाऊन यादी, आणि कुटुंबांची निवड. कुटुंब म्हणजे एक चूल, घर नाही. एका घरात दोन भाऊ वेगळं शिजवत असतील तर दोन ओळी. सेगमेंट ३ मध्ये झटपट मोजणीत १८० होती, नीट लिस्टिंगमध्ये १८६ निघाली. सेगमेंट ७ मध्ये १३० ची १३८ झाली. दोन्हीमधून १२-१२.

सेगमेंट ३ मध्ये इंटरव्हल १८६ ÷ १२ = १५.५. आता हा अपूर्णांक तसाच ठेवायचा. स्टार्ट ० ते १५.५ मधला, आला ६.३, मग ६.३, २१.८, ३७.३ असं जात वरच्या पूर्ण आकड्यावर न्यायचं, म्हणजे अनुक्रमांक ७, २२, ३८ आणि पुढे. बरोबर १२ येतात आणि प्रत्येकाची शक्यता १२ ÷ १८६.

एका सुपरवायझरने विचारलं, सरळ १५ धरलं तर काय बिघडतं, हिशोब सोपा होतो. चांगला प्रश्न आहे. १५ धरून १२ घरं झाल्यावर थांबलो तर सर्वात मोठा स्टार्ट १५, बारावं घर १५ + ११ × १५ = १८०. म्हणजे १८१ ते १८६ ही शेवटची सहा घरं कधीच येऊ शकत नाहीत. आणि लिस्टिंग गावाच्या मध्यापासून सुरू होऊन कडेला संपतं, शेवटची घरं बहुतेक वेळा नवीन वस्तीची किंवा गरिबांची असतात. सहाच घरं आहेत, पण राज्यभर प्रत्येक क्लस्टरमध्ये अशी शेपटी तुटली तर कडेच्या वस्त्या सर्व्हेत कमी दिसणार. हे झालंय का ते तपासता येतं: सगळ्या क्लस्टरमध्ये निवडलेला अनुक्रमांक भागिले लिस्टमधली एकूण संख्या काढायची आणि त्याचा हिस्टोग्राम बघायचा. ० ते १ सपाट हवा, १ च्या जवळ खड्डा असेल तर कुणीतरी इंटरव्हल गोल केलाय. आतापर्यंत आलेल्या क्लस्टरमध्ये सपाट आहे.

तर गाव अ, सेगमेंट ३ मधल्या कुटुंबाची पूर्ण शक्यता: ०.०८ × ०.३० × १२ ÷ १८६ = ०.००१५४८, वेट ६४५.८३.
सेगमेंट ७: ०.०८ × ०.२१६७ × १२ ÷ १३८ = ०.००१५०७, वेट ६६३.४६.

कागदावरचं ४७९ कुठे आणि हे कुठे. गाव वाढलं, म्हणून वेट वाढलं, बस.

२३ सप्टेंबर

उलटी बाजू पण आली. २०११ ला २३० कुटुंबं असलेलं एक गाव (शक्यता ०.०२), आता लिस्टिंगमध्ये १६० च निघाली, बरेच लोक शहरात गेलेत. सेगमेंटचा प्रश्न नाही. २४ ÷ १६० = ०.१५, गुणाकार ०.००३, वेट ३३३.३३.

आज कॉलवर सूचना आली की सगळ्यांना ४७९ च देऊन टाकू, "डिझाइन सेल्फ-वेटिंग आहे", म्हणजे सगळ्यांचं वेट सारखं, असं प्रपोजलमध्ये लिहिलंय ना. नाही चालणार, आणि का ते स्पष्ट लिहून ठेवतो. सरसकट ४७९ म्हणजे २०११ चं राज्य आजच्या डेटावर लादणं. वाढलेलं गाव अ ६४६-६६३ ऐवजी ४७९ ने मोजलं जाईल, रिकामं होत चाललेलं गाव ३३३ ऐवजी ४७९ ने. म्हणजे जिथून माणसं गेली ती गावं फुगणार आणि जिथे आली ती आकसणार. स्थलांतर, रोजगार, भाड्याची घरं, जे काही या बदलाशी जोडलेलं आहे ते सगळं एकाच दिशेने चुकणार. खरा वेट वापरला तर २०११ च्या आकड्यातली चूक पहिल्या टप्प्यात शिरते आणि तिसऱ्या टप्प्यात लिस्टिंगच्या आकड्याने भरून निघते, कारण आपण दोन्ही टप्प्यांत प्रत्यक्षात वापरलेली संख्याच लिहितो. वेट असमान झाल्याने स्टँडर्ड एरर थोडी वाढते, ती किंमत मोजायची.

मान्य झालं. प्रपोजलमधलं वाक्य बदलून "साधारण सेल्फ-वेटिंग, प्रत्यक्ष वेट लिस्टिंगनुसार" असं केलं.

६ ऑक्टोबर

मुलाखती सुरू. पहिल्याच दिवशी फोन, "सर, घर बंद आहे, शेजारचं घेऊ का? तेही यादीत आहेच." नाही. शेजारचं घर घेतलं की त्याची शक्यता "स्वतः निवडलं जाण्याची अधिक शेजारी बंद असण्याची" अशी होते, आणि दुसरा भाग कुणीच काढू शकत नाही. शिवाय जे घरी सापडतात ते दिवसभर घरी असणारेच असतात, बाहेर कामाला जाणारे, हंगामी कामाला बाहेरगावी गेलेले गळत जातात. वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं, तरी नाही सापडलं तर प्रतिसाद नाही असा कोड टाकायचा आणि पुढे जायचं. टार्गेट अपुरं राहिलं म्हणून कुणाला बोलणी बसणार नाहीत हेही मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं, कारण बदली घर घेण्यामागे बहुतेक वेळा तीच भीती असते.

सेगमेंट ३ चं काम पूर्ण झालं. १२ पैकी एक कुटुंब लिस्टिंगनंतर गाव सोडून गेलेलं, घर रिकामं. एक तिन्ही वेळा बंद. दहा झाली. इथे दोन कोड वेगळे ठेवायला लागतात. रिकामं घर म्हणजे प्रतिसाद न देणारं कुटुंब नाही, तिथे कुटुंबच नाही, त्याचा वेट कुणाला वाटायचा नाही. बंद घरात मात्र कुटुंब आहे, त्याचा वेट बाकीच्या दहांवर जातो. म्हणून ११ ÷ १० = १.१, आणि वेट ६४५.८३ × १.१ = ७१०.४२. दोन्ही एकाच "झालं नाही" मध्ये टाकले असते तर १२ ÷ १० होऊन गावात नसलेलं कुटुंब परत गावात आलं असतं. फॉर्ममध्ये हे दोन कोड जवळजवळ होते, ते आज लांब केले आणि रिकाम्या घरासाठी शेजाऱ्याकडून खात्री केल्याची टीक बंधनकारक केली.

१४ ऑक्टोबर

चौथा टप्पा. आरोग्याच्या मॉड्यूलला घरातली एकच प्रौढ व्यक्ती लागते. निवड टॅबलेट करतो, पण तत्त्व लेस्ली किशने १९४९ मध्ये मांडलं तेच: घरातल्या सगळ्या पात्र लोकांची ठरलेल्या क्रमाने यादी आणि कोण घ्यायचं ते आधीच ठरलेलं, मुलाखत घेणाऱ्याच्या हातात काही नाही.

शक्यता १ ÷ घरातले प्रौढ. त्यामुळे व्यक्तीचं वेट म्हणजे कुटुंबाचं वेट गुणिले प्रौढांची संख्या. सेगमेंट ३ मध्ये एक आजी एकट्या राहतात, त्यांचं वेट ७१०.४२. चार घरं सोडून पाच प्रौढांचं कुटुंब आहे, तिथली निवडलेली सून, तिचं वेट ३,५५२.०८. हा गुणाकार केला नाही तर एकटे राहणारे लोक, म्हणजे जास्त करून म्हातारी माणसं, निष्कर्षात खूप जास्त दिसतील आणि आजारपणाचा आकडा विनाकारण वर जाईल. आणि याच्या उलट, घराच्या प्रश्नांना, म्हणजे छप्पर, पाणी, शौचालय यांना हे व्यक्तीचं वेट लावायचं नाही, नाहीतर मोठ्या कुटुंबांची घरं जास्त मोजली जातील. म्हणून फाइलमध्ये `w_hh` आणि `w_per` असे दोन कॉलम, आणि कोडबुकमध्ये प्रत्येक व्हेरिएबलसमोर कुठला वापरायचा ते लिहिलेलं.

२८ ऑक्टोबर

वेट जोडून झाले. द्यायच्या आधीची सर्वात उपयोगी तपासणी म्हणजे गाववार बेरीज. प्रतिसादाची दुरुस्ती लावायच्या आधी, निवडलेल्या सगळ्या कुटुंबांच्या वेटची गावातली बेरीज घ्यायची. गाव बदललंच नसेल तर ती इंटरव्हलएवढी, ११,५००, येते (२४ × ४७९.१७). गाव अ मध्ये १२ × ६४५.८३ + १२ × ६६३.४६ = १५,७११.५. आकसलेल्या गावात २४ × ३३३.३३ = ८,०००. म्हणजे ११,५०० पासून गाव जेवढं दूर तेवढा ते गाव २०११ पासून बदललं, आणि त्याला कारण असायला हवं. एका गावात बेरीज २३,००० च्या आसपास आली, दुप्पट. शीट उघडून बघितलं तर दोन सेगमेंट निवडूनही शक्यतेत २ ने गुणलेलं नव्हतं, एन्ट्रीत तो कॉलम कोरा राहिला होता. भरलं, बेरीज जागेवर आली. अशी चूक सरासरीत आणि टक्क्यांत कधीच डोळ्यात भरत नाही, या बेरजेत लगेच दिसते.

१६ गावांची बेरीज म्हणजे स्ट्रॅटममध्ये आज किती कुटुंबं आहेत त्याचा आपलाच अंदाज. तो १,८४,००० पेक्षा वर आलाय, यायलाच हवा होता.

विश्लेषणाच्या टीमला ही ओळ दिली:

```r
d <- svydesign(ids = ~psu, strata = ~stratum,
               weights = ~w_hh, data = hh, nest = TRUE)
```

यात `psu` म्हणजे गाव, सेगमेंट नाही. हे वेगळं लिहायचं कारण, डेटात क्लस्टरचा नंबर सेगमेंटवार पडलाय आणि गाव अ चे दोन सेगमेंट दोन वेगळे क्लस्टर दिसतात. तो नंबर `ids` मध्ये गेला तर सॉफ्टवेअर धरणार की ही दोन गावं सुटी सुटी निवडली, पण ती एकाच निवडीत आली. स्टँडर्ड एरर खऱ्यापेक्षा लहान येईल आणि दोन जिल्ह्यांतला नसलेला फरक "सिग्निफिकंट" म्हणून छापला जाईल. म्हणून सेगमेंट नंबरचं नाव `seg_id` केलं, गावाच्या नंबरला `psu`, आणि चारही टप्प्यांच्या शक्यता `pi1` ते `pi4` अशा सुट्या कॉलममध्ये ठेवल्या, फक्त गुणाकार नाही. रिकामं घर आणि बंद घर यांचे कोडही त्याच फाइलमध्ये आहेत. उद्या शहरी स्ट्रॅटमच्या बेरजा.